चिनी भाषेतील प्रश्नरचना आणि मराठी

चिनी (मँडरिन) भाषेत 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर अपेक्षित असलेला प्रश्न मुख्यतः दोन प्रकारे विचारला जातो. एका प्रकारात विधानाच्या शेवटी 'मा' हे अव्यय येते. दुसऱ्या प्रकारात क्रियापद, नकार आणि पुन्हा तेच क्रियापद अशी जोडी येते. पहिला प्रकार मराठीतील 'का' सारखा आहे, दुसऱ्याला मराठीत तंतोतंत समांतर रचना नाही. (पुढील चिनी उदाहरणांचे देवनागरी लेखन स्थूल असून त्यात सूर दाखवलेले नाहीत.)

क्रियापद-नकार-क्रियापद रचना

वर्धा जिल्ह्यातील केळझर या गावाचे नाव घेऊन उदाहरण पाहू. 'तुम्ही केळझरला जाता का?' हे चिनीत 'नी छ्यू केळझर मा?' असे होते. येथे 'नी' म्हणजे तुम्ही आणि 'छ्यू' म्हणजे जाणे. हाच प्रश्न 'नी छ्यू पु छ्यू केळझर?' असाही विचारता येतो. त्याचा शब्दशः अर्थ 'तुम्ही जाता न जाता केळझर?' असा होतो. उत्तर देताना बहुधा क्रियापदच उच्चारतात: 'छ्यू' (जातो) किंवा 'पु छ्यू' (जात नाही).

'यौ' (असणे, जवळ असणे) या क्रियापदाचा नकार 'पु' ने होत नाही, 'मेइ' ने होतो. म्हणून 'तुमच्याकडे पुस्तक आहे का?' हे 'नी यौ मेइ यौ शू?' असे विचारतात.

मराठीतील 'जाता की नाही?' ही रचना वरवर सारखी वाटते. परंतु तिच्यात अनेकदा अधीरता किंवा दटावणी असते. चिनी रचना सामान्यतः तटस्थ असते. ती उद्धट समजणे हा मराठी भाषकाचा एक संभाव्य गैरसमज होय. दुसरी चूक सवयीची आहे. मराठीत शेवटी 'का' येतो म्हणून 'नी छ्यू पु छ्यू केळझर मा?' असे म्हटले जाते. हे वाक्य अशुद्ध ठरते, कारण होकार-नकाराचा पर्याय वाक्यात आधीच आलेला असल्याने 'मा' ला जागा उरत नाही.

प्रश्नार्थक शब्द

'कोण', 'काय', 'कुठे' यांना चिनीत अनुक्रमे 'शेइ', 'शन्म', 'नार' असे शब्द आहेत. उत्तरातील शब्द जेथे येईल तेथेच प्रश्नार्थक शब्द येतो. 'नी छ्यू नार?' (तुम्ही कुठे जाता?) यात 'नार' क्रियापदानंतर आहे, कारण उत्तरात केळझर हे नावही तेथेच येते. मराठीत क्रियापद सहसा शेवटी असल्याने 'कुठे' त्याच्या आधी येतो. वाक्याचा क्रम भिन्न असला तरी प्रश्नार्थक शब्द वाक्यारंभी नेण्याची गरज दोन्ही भाषांत नाही.

असा शब्द असताना माहिती विचारण्यासाठी 'मा' लागत नाही. तो जोडल्यास प्रश्नार्थक शब्दाचा अर्थ अनिश्चित होतो: 'नी श्यांग छ्र त्येन शन्म मा?' म्हणजे 'तुम्हाला काही खायचे आहे का?' मराठीतही 'तुम्ही कुठे जाणार आहात?' यात ठिकाण विचारलेले आहे. 'तुम्ही कुठे जाणार आहात का?' यात मात्र 'कुठे' म्हणजे 'कोठेतरी', आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे येते.