एनपीएसची कपात झाली, पण खात्यात पडली का?

पगारपत्रकात एनपीएसची कपात दिसली म्हणजे पैसे खात्यात गेलेच, असं धरून चालू नका. स्टेटमेंट उघडा. झेडपीच्या गुरुजींचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४०,००० असेल, तर त्यांचे १० टक्के म्हणजे ४,००० आणि शासनाचे १४ टक्के म्हणजे ५,६०० त्या महिन्यासमोर दिसले पाहिजेत.

फंड स्वतः निवडला नसेल तर ही रक्कम एसबीआय, यूटीआय आणि एलआयसीच्या पेन्शन फंडांत वाटली जाते. समजा एकाकडे ३,२०० गेले आणि त्या दिवशी युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, ४० रुपये होता, तर ८० युनिट वाढतात. पुढे भाव उतरला तर रक्कम कमी दिसेल, पण युनिट तेवढेच राहतात. युनिटच वाढले नसतील तर हप्ता आलेला नाही. पगारपत्रक घेऊन पगार काढणाऱ्या क्लार्कला गाठा.