सर्च जाहिरातीतल्या मथळ्यांची परीक्षा

गूगलवर काही शोधले की निकालांच्या वर ज्या मजकुराच्या जाहिराती दिसतात, त्यांना सर्च जाहिराती म्हणतात. पूर्वी जाहिरातदार पूर्ण जाहिरात स्वतः लिहीत असे. 30 जून 2022 नंतर गूगल अ‍ॅड्समध्ये त्या जुन्या पद्धतीची नवी जाहिरात तयार करणे बंद झाले आणि रिस्पॉन्सिव्ह सर्च जाहिरात हाच नेहमीचा प्रकार ठरला. यात जाहिरातदार जास्तीत जास्त 15 मथळे आणि 4 वर्णने देतो. मथळ्याला 30 आणि वर्णनाला 90 अक्षरचिन्हांची मर्यादा असते. त्यातून साधारणपणे तीन मथळे आणि दोन वर्णने निवडून, शोधणाऱ्यापुढे कोणती जुळणी मांडायची हे यंत्रणा दर वेळी ठरवते. क्रम धरला तर अशा 32,760 जुळण्या होऊ शकतात.

मग कोणता मथळा चालतो हे कसे कळायचे? त्यासाठी दोन साधने मिळाली. पहिले म्हणजे प्रत्येक मथळ्याला दिलेला शेरा: Low, Good किंवा Best, आणि पुरेशी माहिती जमेपर्यंत Learning. हा शेरा त्याच जाहिरातीतल्या इतर मथळ्यांच्या तुलनेत असतो. सगळेच मथळे सुमार असले तरी त्यांतला एखादा Best ठरू शकतो. दुसरे साधन म्हणजे जुळण्यांचा अहवाल. कोणते मथळे एकत्र किती वेळा दिसले, म्हणजे किती इम्प्रेशन मिळाली, एवढेच तो सांगतो. त्या जुळणीमुळे किती क्लिक आले किंवा किती विक्री झाली, हे त्यात नसते.

अलीकडे एकेका मथळ्याचे क्लिक आणि कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातदाराला हवी असलेली ऑर्डर किंवा नोंदणी, हे आकडेही दिसू लागले आहेत. तेही जपून वाचावे लागतात. वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्या एखाद्या दुकानाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘तपासणी फक्त 99 रुपयांत’ हा मथळा 6,000 वेळा दिसला, 360 क्लिक आले आणि 12 जणांनी तंत्रज्ञ बोलावला. ‘आजच तंत्रज्ञ घरी’ हा मथळा 2,000 वेळा दिसला, 80 क्लिक आले आणि 8 जणांनी बोलावणे केले. क्लिकचे प्रमाण पाहिले तर पहिला 6 टक्क्यांनी पुढे, दुसरा 4 टक्क्यांवर. पण हजार इम्प्रेशनमागे पहिल्याने 2 कामे आणली आणि दुसऱ्याने 4. स्वस्ताईला भुलून क्लिक करणारे सगळेच काम देत नाहीत.

तरीही दुसरा मथळा सरस, असा निकाल एवढ्यावर देता येत नाही. कारण हे मथळे सारख्या परिस्थितीत दाखवलेले नसतात. ‘प्युरिफायर दुरुस्ती आज’ असे शोधणाऱ्याला यंत्रणा तातडीचा मथळा दाखवते आणि नुसती किंमत पाहणाऱ्याला स्वस्ताईचा. तातडीचे गिऱ्हाईक तसेही काम देणारच होते. श्रेय मात्र मथळ्याच्या खात्यावर जमा होते. शिवाय एक क्लिक त्या वेळी सोबत दिसलेल्या प्रत्येक मथळ्याच्या नावे धरला जातो. त्यामुळे सगळ्या मथळ्यांची बेरीज जाहिरातीच्या एकूण आकड्यापेक्षा जास्त भरते, आणि एखाद्या चांगल्या मथळ्याच्या जोडीला असलेला सामान्य मथळाही उजळून दिसतो. जुळण्यांच्या अहवालात वरच्या क्रमांकाची जुळणी असली तर तिचा अर्थ ‘यंत्रणेने ती जास्त दाखवली’ इतकाच होतो.

खरी तुलना हवी असेल तर गिऱ्हाईक यदृच्छेने दोन गटांत वाटावे लागते. गूगल अ‍ॅड्समधील एक्सपेरिमेंटची सोय यासाठीच आहे. एका बाजूला किंमत सांगणारे मथळे पहिल्या जागी पिन करायचे, दुसऱ्या बाजूला वेळ सांगणारे, आणि बाकी सर्व तसेच ठेवायचे. पिन केल्याने यंत्रणेला जुळण्यांचे पर्याय कमी उरतात आणि Ad strength हा दर्जा खाली येऊ शकतो. पण तो दर्जा मजकुरातल्या विविधतेचा अंदाज आहे, विक्रीचा हिशेब नव्हे.

अडचण आकड्यांची येते. क्लिकचे प्रमाण 4 टक्के आहे की 5, हे बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला प्रत्येक बाजूला सुमारे 7,000 इम्प्रेशन लागतात. क्लिक करणाऱ्यांपैकी 10 टक्के काम देतात की 12, हे ओळखायला मात्र प्रत्येक बाजूला सुमारे 4,000 क्लिक लागतात. 4 टक्के दराने हे जवळजवळ एक लाख इम्प्रेशन झाले. महिन्याला शंभर-दोनशे क्लिक मिळणाऱ्या दुकानाला असा सूक्ष्म फरक मोजता येणार नाही. त्याने शब्दांची अदलाबदल करण्याऐवजी किंमत, वेळ, हमी अशा ठळक वेगळ्या मुद्द्यांची तुलना करावी. Low शेरा मिळालेला मथळा बदलून पाहायला हरकत नाही. Best हा शेरा मात्र विक्रीचा पुरावा समजू नये.