युरो की रुपये?

पॅरिसच्या दुकानात 100 युरोची खरेदी झाली की कार्डयंत्र विचारतं: EUR की INR? रुपये ओळखीचे म्हणून आपण तेच निवडतो आणि तिथेच फसतो, कारण मग यंत्रामागची कंपनी स्वतःचा चढा दर लावते. समजा, युरो 100 रुपयांना आहे. युरोत पैसे दिले, तर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप 350 आणि त्यावरचा जीएसटी 63 धरून 10,413 रुपये होतात. रुपयांत दिले आणि दर 105 लागला, तर थेट 10,500. शिवाय परदेशी दुकानातल्या अशा रुपयांतल्या व्यवहारावरही अनेक बँका वेगळं शुल्क घेतात. ते कार्डाच्या बिलातच कळतं. दुकानदाराने परस्पर INR दाबलं असेल, तर पावतीवर रुपयांचा आकडा असतो. तो दिसताच व्यवहार रद्द करून युरोत करायला सांगा.