जांघेतील वेदनारहित गाठ आणि जननेंद्रियावरील व्रण : जंतुसंसर्गापलीकडील कारणांचा विचार

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, ती ठणकते, ताप येतो आणि जखम भरली की गाठ बसते. मराठीत या गाठीला ‘अवधाण’ असे म्हणतात. हा अनुभव इतका सर्वपरिचित आहे की, जांघेतील प्रत्येक गाठ अवधाणच असावी अशी समजूत रुग्णाच्या मनात सहज रुजते. परंतु गाठ दुखत नसेल आणि त्याच वेळी जननेंद्रियावर व्रण असेल, तर ही समजूत रुग्णाचे मोठे नुकसान करू शकते. प्रस्तुत लेखात अशा गाठीची कारणे व विशेषतः शिश्नाच्या कर्करोगाची शक्यता यांचे विवेचन केले आहे.

गाठ का दुखते, हे प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. लसिका ग्रंथीभोवती एक पातळ आवरण असते. पू निर्माण करणाऱ्या जंतूंमुळे ग्रंथी दोन-चार दिवसांत फुगते, आवरण ताणले जाते आणि वेदना होतात. याउलट, ग्रंथीत पेशींची भर सावकाश पडत गेली तर आवरणास वाढीशी जुळवून घेण्यास अवधी मिळतो व वेदना जाणवत नाही. म्हणजे वेदनेचा अभाव हे रोग सौम्य असल्याचे लक्षण नसून, तो मंदगतीने वाढत असल्याचे लक्षण आहे.

दुसरा मुद्दा शरीररचनेचा आहे. शिश्न, वृषणकोशाची त्वचा, स्त्रीचे बाह्य जननेंद्रिय, योनीचा खालचा भाग, गुदद्वार आणि संपूर्ण पाय यांची लसिका जांघेतील ग्रंथींकडे येते. वृषणाची लसिका मात्र पोटातील महाधमनीजवळच्या ग्रंथींकडे, तर गर्भाशयमुखाची श्रोणीतील ग्रंथींकडे जाते. त्यामुळे या दोन अवयवांचे आजार बळावले तरी जांघ सहसा मोकळीच असते. उलटपक्षी, अनवाणी चालणाऱ्या, भेगाळलेल्या पायांच्या शेतकऱ्याच्या जांघेत लहान, हलणाऱ्या गाठी वर्षानुवर्षे असू शकतात व त्यांस रोग मानण्याचे कारण नसते.

व्रण आणि गाठ दोन्ही वेदनारहित असतील तर पहिला संशय उपदंशाचा, म्हणजे बोलीभाषेतील ‘गरमी’चा, घेतला जातो व तो योग्यच आहे. संसर्गानंतर ९ ते ९० दिवसांत, साधारणतः तिसऱ्या आठवड्यात, कडक बुडाचा व स्वच्छ पृष्ठभागाचा व्रण उमटतो. त्यानंतर सुमारे आठवड्याने जांघेत, बहुधा दोन्ही बाजूंना, रबरासारख्या लवचिक व परस्परांपासून सुट्या गाठी येतात. महत्त्वाचे असे की, हा व्रण उपचाराविनाही ३ ते ६ आठवड्यांत भरून येतो. या कालमर्यादेचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

पुण्यातील एक अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९४ मध्ये शहरातील दोन गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, जननेंद्रियावर व्रण असलेल्या ३०२ रुग्णांचे नमुने पीसीआर पद्धतीने तपासले. नागीण, मृदुव्रण व उपदंश या तिन्ही रोगांचे जंतू त्यांत शोधण्यात आले. सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत यांपैकी एकही जंतू सापडला नाही. याचा अर्थ त्या सर्वांना कर्करोग होता असा मुळीच नाही. आधी घेतलेली औषधे, भरत आलेला व्रण अशी कारणेही त्यामागे असू शकतात. परंतु व्रण दिसला म्हणजे नेहमीच्या तीन-चार जंतूंपैकी एक असणारच, हे गृहीतक किती सैल आहे ते यावरून दिसते.

सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मधील उपचारपद्धती मात्र अशाच गृहीतकावर उभी आहे. प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणसमूहावरून औषध द्यावयाचे, अशी ही पद्धत आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या रंगीत औषधसंचांपैकी पांढऱ्या संचात नागिणीखेरीज अन्य व्रणांसाठी बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट व ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम असते. काळा संच जांघेतील बदेसाठी असून त्यात डॉक्सिसायक्लिन २१ दिवस घ्यावयाचे असते. साथ रोखण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे. प्रश्न उद्भवतो तो संच निष्फळ ठरल्यावर दुसरा, मग तिसरा संच दिला जातो तेव्हा.

उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील पन्नाशीच्या एका काल्पनिक शेतकऱ्याचा विचार करू. त्याच्या शिश्नाग्रावरील त्वचा पूर्वीपासून मागे सरकत नाही. तीन महिन्यांपासून त्वचेखालून दुर्गंधीयुक्त स्राव येतो व आत काही टणक लागते. डाव्या जांघेत अडीच सेंटिमीटरची, दगडासारखी घट्ट, न दुखणारी गाठ आहे. व्हीडीआरएल चाचणी नकारात्मक आली असून प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले आहेत. येथे निदानाची दिशा तीन गोष्टी ठरवितात. उपदंशाचा व्रण तीन महिने टिकत नाही. उपदंशाच्या अगदी आरंभी व्हीडीआरएल नकारात्मक येऊ शकते हे खरे, परंतु तीन महिन्यांनंतर ती सबब फारशी उरत नाही. आणि मागे न सरकणारी त्वचा हा शिश्नाच्या कर्करोगाचा एक प्रमुख धोका आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोगनोंदणी चालते. ग्रामीण पुरुषांत हा कर्करोग शहरापेक्षा अधिक असल्याचे तिने निदर्शनास आणले.

अशा रुग्णाची त्वचा उभी छेदून व्रण उघडा करणे व त्याच्या कडेचा, लगतच्या निरोगी भागासह, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे ही पहिली पायरी होय. केवळ मध्यभागाचा तुकडा घेतल्यास मृत पेशीच हाती लागतात. एचआयव्ही व टीपीएचए या चाचण्याही कराव्यात. मात्र टीपीएचए एकदा सकारात्मक झाली की बहुधा आयुष्यभर तशीच राहते, म्हणून ती सकारात्मक आल्याने कर्करोग नाकारता येत नाही. गाठीची सुईने तपासणी करावी. ती निर्दोष आली, पण गाठ घट्टच राहिली, तर तपासणी पुन्हा करावी किंवा ग्रंथी काढून तपासावी. पू असेल या समजुतीने गाठीला चीर देणे ही गंभीर चूक ठरते. पू निघत नाही आणि कर्करोगपेशी त्वचेत पसरण्याचा धोका मात्र निर्माण होतो.

जुन्या पाठ्यपुस्तकांत चार ते सहा आठवडे प्रतिजैविके देऊन गाठ लहान होते का ते पाहावे, असा सल्ला आढळतो. मूळ व्रणात जंतुसंसर्ग असल्याने काही गाठी खरोखरच केवळ दाहाच्या असतात, हे त्यामागील कारण होते. आता तो सल्ला त्याज्य मानला जातो, कारण हा कर्करोग पायरीपायरीने पुढे सरकतो : आधी जांघेतील वरवरच्या, मग खोल आणि अखेर श्रोणीतील ग्रंथी. जांघेतील मोजक्या ग्रंथींपर्यंत तो असताना शस्त्रक्रियेने रुग्ण बरा होऊ शकतो. श्रोणीत पोहोचल्यावर ती शक्यता फार घटते. शिश्नाच्या लसिकावाहिन्या मध्यरेषा ओलांडतात, त्यामुळे गाठ डावीकडे असली तरी उजवी जांघही तपासावी लागते. वाहिन्यांच्या या क्रमावरूनच कबान्यास यांनी १९७७ मध्ये ‘प्रहरी ग्रंथी’ची, म्हणजे लसिका प्रथम जिच्याकडे जाते त्या ग्रंथीची, कल्पना मांडली, पुढे ती स्तनाच्या कर्करोगात अधिक प्रसिद्ध झाली.

अन्य कारणेही ध्यानात ठेवावी लागतात. क्षयाच्या गाठी परस्परांना चिकटलेल्या असतात. लिम्फोमात मान व काख येथेही ग्रंथी वाढतात. एचआयव्हीतही तसेच होते, तेव्हा जननेंद्रियावरील व्रण हा निव्वळ योगायोग असू शकतो. डोनोव्हॅनोसिसमध्ये जांघेत जी गाठ भासते ती ग्रंथी नसून त्वचेखालील दाहयुक्त ऊती असते. स्त्रियांत बाह्य जननेंद्रियाचा कर्करोग याच रीतीने जांघेत उतरतो. संकोचामुळे तपासणीच होत नसल्याने तो ‘खाज’ या नावाखाली मलमांवर लांबत राहतो.

व्यवहारात कालावधी हीच सर्वात स्वस्त चाचणी ठरते. पेनिसिलिननंतर उपदंशाचा व्रण दोन आठवड्यांत स्पष्टपणे भरू लागतो, जरी गाठी विरण्यास अधिक आठवडे लागले तरी. तसे न झाल्यास पुढील औषधसंच न देता व्रणाचा तुकडा तपासणीस पाठवावा.