अरबीतील सातत्यवाचक क्रियापदे : ‘झाल’ला नकार का लागतो?

प्रस्तावना

मराठीत रूढ झालेला ‘बाकी’ हा शब्द अरबी ‘बकिय’ (उरणे, राहणे) या क्रियापदाच्या धातूपासून आलेला आहे. अरबीत हेच क्रियापद एखादी स्थिती टिकून राहिल्याचे सांगते. त्याच कामासाठी ‘झाल’ हे दुसरे क्रियापदही वापरले जाते. मात्र त्यापूर्वी नकारवाचक अव्यय असावे लागते. एकाच अर्थक्षेत्रातील दोन क्रियापदांच्या वागणुकीत हा भेद का पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. येथील अरबी शब्दांतील अंत्य ‘अ’ उच्चारित समजावा.

नकाराचे कारण

‘अल्-बाबु मफ्तूहुन्’ म्हणजे ‘दार उघडे आहे’. हे नामवाक्य असून त्यातील उद्देश्य व विधेय दोन्ही प्रथमा विभक्तीत आहेत. त्यापूर्वी ‘मा झाल’ आले की ‘मा झालल्-बाबु मफ्तूहन्’, म्हणजे ‘दार अजूनही उघडे आहे’, असे वाक्य होते. उद्देश्याची विभक्ती तीच राहते, विधेय मात्र द्वितीयेत जाते. ‘कान’ (होता) व त्याच्या ‘भगिनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रियापदांचे हे सामान्य लक्षण होय.

‘झाल’चा मूळ आशय ‘थांबणे, सुटणे’ असा आहे. सातत्याचा अर्थ त्यात नाही. ‘मा’ या नकाराने थांबण्याचा निषेध होतो आणि त्या निषेधातून सातत्य निष्पन्न होते. ‘पाऊस थांबलेला नाही’ या मराठी वाक्यातून पाऊस चालू असल्याचा बोध होतो, त्याच रीतीने. फरक इतकाच की, मराठीत ‘पाऊस थांबला’ असेही म्हणता येते. अरबीत विधेय घेणारे हे ‘झाल’ नकाराविना येतच नाही. ‘बरिह’ (जागा सोडणे), ‘फतिअ’ (थांबणे) व ‘इन्फक्क’ (सुटे होणे) ही तीन क्रियापदेही याच गटातील होत. इब्न मालिक (मृत्यू 1274) याच्या ‘अल्फिय्या’ या पद्यमय व्याकरणग्रंथात या चारही क्रियापदांना नकाराची किंवा नकारसदृश रचनेची अट सांगितली आहे. नकारसदृश म्हणजे प्रामुख्याने निषेधार्थक आज्ञा व प्रार्थना.

‘बकिय’चा मूळ अर्थच ‘राहणे’ असल्यामुळे त्यास नकाराची आवश्यकता नाही. ‘बकियल्-बाबु मफ्तूहन्’ म्हणजे ‘दार उघडे राहिले’. येथे नकार आला तर अर्थ उलटतो : ‘लम् यब्कल्-बाबु मफ्तूहन्’ म्हणजे ‘दार उघडे राहिले नाही’.

अर्थ होकारी असल्याचा पुरावा

‘मा झाल’चे रूप नकारी असले तरी वाक्य होकारी आहे, हे एका कसोटीने सिद्ध होते. ‘इल्ला’ (खेरीज) हे अव्यय या रचनेत खऱ्या नकारानंतरच येते. ‘मा कानल्-बाबु इल्ला मफ्तूहन्’, म्हणजे ‘दार उघड्याखेरीज अन्य स्थितीत नव्हते’, हे वाक्य शुद्ध आहे. परंतु ‘मा झालल्-बाबु इल्ला मफ्तूहन्’ हे अशुद्ध ठरते. कारण थांबण्याचा अर्थ आणि ‘मा’ हे दोन नकार परस्परांना रद्द करतात व ‘इल्ला’ला आधार उरत नाही.

गोंधळाची स्थळे

पहिला गोंधळ दोन ‘झाल’मुळे होतो. ‘नाहीसे होणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद भूतकाळात असेच दिसते. पण त्याचे वर्तमानरूप ‘यझूलु’ आहे, तर सातत्यवाचकाचे ‘यझालु’. प्रथम पुरुषातही ‘झुल्तु’ व ‘झिल्तु’ असा भेद आहे. रूप सारखे असेल तेथे विधेय पाहावे : ‘मा झालल्-अलमु’ म्हणजे ‘वेदना नाहीशी झाली नाही’, ‘मा झालल्-अलमु शदीदन्’ म्हणजे ‘वेदना अजूनही तीव्र आहे’.

दुसरा गोंधळ ‘मा दाम’चा. येथील ‘मा’ नकार नसून कालावधी दर्शविणारे अव्यय आहे. अर्थ ‘जोपर्यंत आहे तोपर्यंत’ असा होतो. त्यामुळे ही रचना दुसऱ्या विधानाच्या आधारानेच उभी राहते.

तिसरे स्थळ ‘ला झाल’चे. अभिजात अरबीत भूतकाळी रूपापूर्वी ‘ला’ आल्यास प्रार्थनेचा अर्थ निघतो : ‘ला झाल बय्तुक आमिरन्’, म्हणजे ‘तुझे घर सदैव नांदते राहो’. आधुनिक लेखनात हेच रूप ‘अजूनही’ या अर्थाने आढळते. काटेकोर व्याकरणकार तेथे ‘मा झाल’ किंवा ‘ला यझालु’ यांचा आग्रह धरतात.

शपथेनंतर वर्तमानरूपापूर्वीचा नकार लुप्तही होऊ शकतो. कुरआनच्या ‘यूसुफ’ या अध्यायातील 85 व्या वचनात ‘फतिअ’चे रूप असे नकाराविना आले असून भाष्यकार तेथे ‘ला’ अध्याहृत मानतात. नकार उच्चारला नाही तरी अर्थासाठी तो गृहीत धरावाच लागतो, हे यावरून दिसते.

समारोप

सारांश, नकाराची ही अट क्रियापदाच्या मूळ अर्थातून उद्भवली आहे. ज्याचा अर्थ ‘राहणे’ आहे त्यास नकार नको. ज्याचा अर्थ ‘थांबणे’ आहे त्यास सातत्य सांगण्यासाठी नकार हवाच. ‘मा झाल’चे भाषांतर करताना म्हणूनच ‘नाही’ऐवजी ‘अजूनही आहे’ अशी होकारी रचना योजावी.