विश्लेषण : हिंदीतला ‘अणु’ मराठीत ‘रेणू’ कसा होतो? विज्ञानाच्या धड्यातील संज्ञा कशा ठरतात?

‘१८ ग्रॅम पाण्यात किती अणू असतात?’ या प्रश्नाला मराठी आणि हिंदी माध्यमातील विद्यार्थी वेगवेगळी उत्तरे देतील आणि दोघांचीही उत्तरे बरोबर असतील. कारण दोन्ही भाषांत शब्द एकच असला, तरी त्याचा अर्थ एक नाही. शालेय विज्ञानाच्या धड्याचे भाषांतर करताना वाक्यांपेक्षा संज्ञा अधिक त्रास देतात, त्या अशा कारणांमुळे.

‘अणू’ आणि ‘रेणू’चा घोळ नेमका काय?

मूलद्रव्याच्या ज्या सर्वांत लहान कणावर त्याचे रासायनिक गुणधर्म अवलंबून असतात, तो मराठीत अणू. दोन किंवा अधिक अणू जोडले जाऊन तयार होतो तो रेणू. हिंदीत यातील पहिल्याला ‘परमाणु’ आणि दुसऱ्याला ‘अणु’ म्हणतात. म्हणजे मराठीतला रेणू हाच हिंदीतला अणु. मुंबईतील संस्थेचे नाव मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र असे लिहिले जाते, ते याच फरकामुळे.

दोन्ही शब्द संस्कृतातून आले आहेत. ‘परमाणु’ म्हणजे अत्यंत सूक्ष्म कण. ‘रेणू’चा मूळ अर्थ धुळीचा कण. हिंदीने पहिली जोडी निवडली, मराठीने दुसरी. यातली एक बरोबर आणि दुसरी चूक असे नाही. पण एका धड्यात दोन्ही जोड्या आल्या की गोंधळ ठरलेलाच.

गोंधळ झाला तर काय बिघडते?

१८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल पाणी. त्यात H₂O चे 6.022 × 10²³ रेणू असतात. प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू. त्यामुळे अणूंची संख्या तिप्पट, म्हणजे 18.066 × 10²³ होते. भाषांतरकाराने हिंदी पुस्तक समोर ठेवून ‘पाण्यात 6.022 × 10²³ अणू असतात’ असे लिहिले, तर मराठी वाचकासाठी ते विधान तिपटीने चुकते. व्याकरण निर्दोष असल्याने मुद्रितशोधकाच्या नजरेलाही ही चूक खुपत नाही.

ती ओळखण्याची एक सोपी खूण आहे. मराठी धड्यात ‘पाण्याचा अणू’ किंवा ‘कार्बन डायऑक्साइडचा अणू’ असे लिहिलेले दिसले, तर ते चूक. पाणी हे संयुग आहे आणि संयुगाचा रेणूच असतो. तसेच धड्यात कुठे ‘परमाणू’ डोकावला, तर ते वाक्य हिंदीवरून आले असण्याची शक्यता गृहीत धरून आजूबाजूचे सगळे ‘अणू’ पुन्हा तपासावे लागतात.

संज्ञा ठरवते कोण?

केंद्र सरकारचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्रात १९६० पासून भाषा संचालनालय आहे. त्याने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांचे परिभाषा कोश तयार केले. शाळेच्या पुस्तकांत प्रत्यक्ष कोणता शब्द छापायचा, हे मात्र बालभारतीच्या, म्हणजे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या विषय समित्यांच्या हाती असते. त्यामुळे कोशात शब्द असला म्हणून काम संपत नाही. त्याच विषयाच्या आधीच्या आणि पुढच्या इयत्तेत कोणता शब्द आहे, हेही पाहावे लागते.

‘अणुभार’ आणि ‘अणुवस्तुमान’ यांत फरक का पडतो?

मराठी विश्वकोशात मूलद्रव्यांच्या नोंदींत ‘अणुभार’ आणि ‘अणुक्रमांक’ हे शब्द भेटतात. बालभारतीच्या पुस्तकांत त्यांच्या जागी ‘अणुवस्तुमान’ आणि ‘अणुअंक’ आहेत. यातील दुसऱ्या जोडीत फारसे बिघडत नाही. दोन्ही शब्दांतून अर्थ कळतो. ‘भार’ची गोष्ट वेगळी आहे. बोलताना भार म्हणजे वजन. पण विजेच्या संदर्भात ‘विद्युतभार’ असाही वापर रूढ आहे.

आता अणूच्या रचनेच्या धड्यातील प्रोटॉन घ्या. त्याचे वस्तुमान साधारण १ एकक आणि त्यावरील विद्युत प्रभार +१. दोन्हींसाठी ‘भार’ वापरला तर ‘प्रोटॉनचा भार एक असतो’ या वाक्यातून विद्यार्थ्याने काय समजायचे? न्यूट्रॉनबाबत तर ‘भार शून्य’ म्हटले की त्याला वस्तुमानच नाही, असाही अर्थ निघू शकतो. पाठ्यपुस्तकात ‘वस्तुमान’ आणि ‘प्रभार’ हे दोन वेगळे शब्द असले की ही संदिग्धता उरत नाही. शब्द जरा जड झाले, तरी एका शब्दाला एकच अर्थ राहतो.

कोणता शब्द घडवायचा, कोणता तसाच ठेवायचा?

शब्दावली आयोगाच्या तत्त्वांनुसार मूलद्रव्ये आणि संयुगांची नावे, मोजमापाची एकके, व्यक्तींच्या नावावरून आलेल्या संज्ञा असे जगभर चालणारे शब्द फक्त देवनागरीत लिहायचे. म्हणून इलेक्ट्रॉन, आयन, मोल तसेच राहतात आणि चिन्हे व सूत्रे रोमन लिपीतच छापली जातात. संकल्पना सांगणाऱ्या शब्दांसाठी मात्र मराठी प्रतिशब्द शोधला जातो.

‘समस्थानिक’ हे त्याचे चांगले उदाहरण. C-12 आणि C-14 या दोघांच्या केंद्रकात सहा प्रोटॉन असतात. न्यूट्रॉन मात्र अनुक्रमे सहा आणि आठ. प्रोटॉन सारखेच असल्याने आवर्त सारणीत दोघांचे स्थान एकच. सम आणि स्थान हे घटक दिसताच अर्थाचा अंदाज येतो. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही हाच आहे.

धडा छपाईला जाण्यापूर्वी काय तपासावे?

भाषांतर सुरू करण्यापूर्वी धड्यातील सर्व संज्ञांची यादी करून प्रत्येकीसमोर एकच मराठी शब्द ठरवणे, हा यावरचा व्यवहार्य उपाय. यादीत मूळ शब्दाबरोबर त्याची साधित रूपेही हवीत. ‘रेणू’ निवडला की रेणुसूत्र, रेणुवस्तुमान हे शब्दही त्यालाच धरून येतात.

येथे शुद्धलेखनाचाही प्रश्न येतो. सुटा शब्द ‘अणू’ दीर्घ. पण समासात पहिले पद असताना तो ऱ्हस्व होतो: अणुअंक, अणुऊर्जा. त्यामुळे संगणकावर फक्त ‘अणू’ शोधून सगळीकडे बदल केला, तर समासांतील रूपे निसटतात. ऱ्हस्व आणि दीर्घ, दोन्ही शोध स्वतंत्रपणे घ्यावे लागतात.

मग देशभर एकच शब्द का नको?

मराठीने आता ‘परमाणू’ स्वीकारायचा ठरवला, तर अणुअंकापासून अणुऊर्जेपर्यंत सगळे शब्द बदलावे लागतील. शिवाय ‘अणू’ला रेणूचा अर्थ द्यावा लागेल. जुनी पुस्तके, कोश आणि शिक्षकांची सवय मात्र तशीच राहील आणि काही वर्षे एकाच वर्गात ‘अणू’चे दोन अर्थ नांदतील. त्यापेक्षा मराठीत रूढ असलेली जोडी कायम ठेवणे आणि प्रत्येक इयत्तेत तीच काटेकोरपणे वापरणे कमी धोक्याचे. हिंदी व्हिडीओ पाहून मराठी पुस्तकातून अभ्यास करणाऱ्या मुलांनी मात्र एक नोंद वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवावी : तिकडचा परमाणु तो आपला अणू आणि तिकडचा अणु तो आपला रेणू.