अभिनंदनाच्या जाहिरातीतला खरा आकडा

बारावीचा निकाल लागतो तेव्हा मुलं मोबाइलवर बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकून गुण बघत असतात, आणि त्याच वेळी कॉलेजच्या कार्यालयात उद्याच्या जाहिरातीचा मजकूर ठरत असतो. संध्याकाळपर्यंत मजकूर वर्तमानपत्राकडे गेला पाहिजे, फ्लेक्सवाला फोटो मागतो आहे. या घाईत ‘घवघवीत यश’, ‘निकाल ९७.५ टक्के’, ‘तालुक्यात प्रथम’ असे शब्द सहज कागदावर उतरतात. मुलांचं कौतुक अवश्य व्हावं. पण आकडा फुगला की त्या मुलांच्या खऱ्या मेहनतीवरच शंका येते, म्हणून हा मजकूर जपून लिहायला हवा.

समजा, एका कनिष्ठ महाविद्यालयातून ४१२ नियमित विद्यार्थ्यांनी अर्ज भरले. प्रत्यक्ष परीक्षेला ४०८ बसले आणि ३७१ उत्तीर्ण झाले. कॉलेजचा निकाल ९०.९३ टक्के. मग ९७.५ टक्के कुठून आले? विज्ञान शाखेतून १६० बसले, १५६ पास झाले; त्या एकाच शाखेचा आकडा मथळ्यावर गेला. वाणिज्य शाखेत १३० पैकी १२१, तर कला शाखेत ११८ पैकी ९४ उत्तीर्ण झाले, म्हणजे ७९.६६ टक्के. हे छापायचं राहून जातं, आणि त्याबरोबर कला शाखेत पहिल्या आलेल्या मुलीचा फोटोही. तिन्ही शाखांचे आकडे ‘इतक्यांपैकी इतके’ या रूपात ओळीने छापले, तर पालकांना कॉलेज जसं आहे तसं दिसतं. टक्केवारीपेक्षा ‘११८ पैकी ९४’ वाचकाला चटकन समजतं आणि ते फुगवताही येत नाही.

क्रमांकाचं प्रकरण अधिक नाजूक आहे. राज्य मंडळ आता गुणवत्ता यादी जाहीर करत नाही. विभागवार टक्केवारी सांगतं, पण राज्यात किंवा तालुक्यात पहिला कोण, याची अधिकृत यादी नसते. ‘तालुक्यात प्रथम’ हा दावा बहुधा फोनाफोनीतून ठरतो, आणि शेजारच्या कॉलेजनेही तोच केलेला असतो. ‘महाविद्यालयात प्रथम, विज्ञान शाखा, ६०० पैकी ५६१’ असं लिहिलं तर त्यावर कुणालाही बोट ठेवता येणार नाही. सीईटीचे पर्सेंटाइल छापताना तर जास्तच सांभाळावं लागतं. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. साधारण ९९ टक्के परीक्षार्थी त्या विद्यार्थ्याच्या मागे किंवा बरोबरीला आहेत, इतकाच त्याचा अर्थ. तीन लाख मुलं बसली असतील, तर सुमारे तीन हजार त्याच्याही पुढे असतात. म्हणून ‘पर्सेंटाइल’ हा शब्द पूर्ण छापावा. नुसतं ‘९९%’ लिहिलं की वाचक फसतो.

फोटोबाबत शिकवणी वर्गांच्या जाहिरातींनी धडा घालून दिला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यूपीएससीच्या काही वर्गांना दंड केला, कारण यशस्वी उमेदवारांनी त्यांच्याकडे फक्त मुलाखतीचं मार्गदर्शन घेतलं होतं आणि जाहिरातीत ते लपवलं होतं. शिकवणी वर्गांसाठी २०२४ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना तर यशस्वी विद्यार्थ्याचं नाव आणि फोटो वापरण्यासाठी, निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती मागतात. कॉलेजांनीही हाच नियम पाळावा. बारावीची कित्येक मुलं अठराच्या आतली असतात, तिथे पालकांची सही घ्यावी.

त्याच संस्थेचं पदवी महाविद्यालय असेल, तर जाहिरातीच्या तळाशी ‘१०० टक्के प्लेसमेंट’ येतं. अंतिम वर्षाला १२० जण, त्यातले ५२ नोकरीसाठी नोंदवलेले, आणि नियुक्तिपत्र मिळालेले ३९. बाकीचे पुढे शिकणार, घरचा धंदा बघणार, स्पर्धा परीक्षा देणार. मग छापावं : ‘२०२५ची तुकडी : नोंदणी केलेल्या ५२ पैकी ३९ जणांना नोकरी.’ एकाच विद्यार्थ्याला मिळालेलं मोठं पॅकेज मथळ्यावर घेऊ नये. पगार सांगायचाच असेल तर मध्यक सांगावा, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळाला ती रक्कम. राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, कॉलेजं हाच आकडा देतात, त्यामुळे तो कार्यालयात तयार असतो. वर्ष लिहिलं नाही, तर तीन वर्षांपूर्वीचं यश आजचं म्हणून खपतं.

एक ओळ मात्र जवळपास कुठल्याच जाहिरातीत नसते. जाहीर झालेला निकाल ऑनलाइन असतो. गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकनानंतर काही गुण बदलू शकतात. तेव्हा ‘ऑनलाइन निकालानुसार’ असं खाली लिहावं. आणि उरलेल्या ३७ मुलांसाठी, त्यांची नावं न घेता, एवढंच : ‘पुरवणी परीक्षेचे अर्ज आणि मार्गदर्शनासाठी कार्यालयात भेटा, सकाळी १० ते ५.’